फ्यूज शाबूत, आर्मेचर जळालेले: शेततळ्यावरच्या २४ व्होल्ट पंपाचे शंटने केलेले संरक्षण

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली एक द्राक्षबाग. शेततळ्याच्या काठावर २४ व्होल्ट डीसीचा सेंट्रीफ्युगल पंप बसवलेला आहे आणि तो ठिबकच्या टाकीत पाणी चढवतो. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या आहेत आणि त्या सौर पॅनलवर चार्ज होतात. मोटार कार्बन ब्रशची, प्लेटवर ११ अँपिअर लिहिलेली. बॅटरीजवळ ३० अँपिअरचा ब्लेड फ्यूज आहे. एकाच उन्हाळ्यात या मोटारीचे आर्मेचर दोनदा जळाले आणि दोन्ही वेळा फ्यूज जागच्या जागी शाबूत होता.

जळण्याचे कारण पंप उघडल्यावर लगेच दिसले. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेला पाणी लागते, पण त्याच दिवसांत तळ्याची पातळी खाली जाते आणि फुटव्हॉल्व्ह गाळाजवळ येतो. शेवाळाचे दोर जाळीतून आत ओढले जातात आणि इंपेलरभोवती गुंडाळतात. काळ्या मातीचा बारीक गाळ सीलपाशी साचून शाफ्ट जड होतो. पंप थांबत मात्र नाही. तो थोडा हळू फिरतो, टाकीत पाणी पडत राहते, आणि मोटार ११ ऐवजी १६-१८ अँपिअर घेत तासभर चालते. लांबून पाहणाऱ्याला काही बिघडल्याचे कळत नाही.

फ्यूजला हे का समजत नाही

शाफ्ट पान्याने घट्ट धरून मोटारीतून ५ अँपिअर सोडले तेव्हा टर्मिनलवर २ व्होल्ट मिळाले. म्हणजे मोटारीचा अंतर्गत रोध ०.४ ओहम. बॅटरीपासून पंपापर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल जाऊन-येऊन २० मीटर आहे, तिचे सुमारे ०.०६ ओहम. बॅटऱ्या आणि जोडण्यांचे ०.०२ धरले की एकूण ०.४८ ओहम होतात. बॅटरी २५.२ व्होल्टवर असताना मोटार अजून फिरलेली नसते त्या क्षणी २५.२ भागिले ०.४८, म्हणजे साधारण ५२ अँपिअर वाहतात. मोटार वेग घेते तसे तिच्यात उलट व्होल्टेज तयार होते आणि सुमारे ०.३ सेकंदात प्रवाह ११ वर येतो. शाफ्ट पूर्ण अडकला तर मात्र ५२ अँपिअर तसेच वाहत राहतात.

आता तांब्यातली उष्णता पाहू. ११ अँपिअरला ती ११ × ११ × ०.४, म्हणजे ४८ वॅट असते. १७ अँपिअरला ११६ वॅट होते, आणि अडकलेल्या मोटारीत १,००० वॅटच्या वर जाते. ११६ वॅटवर वाइंडिंगचे वार्निश एका मिनिटात जळत नाही, अर्ध्या-एक तासात जळते. मे महिन्यात हवाच ४० अंशांच्या आसपास असली की त्याहून लवकर.

पहिल्या जळण्यानंतर फ्यूज ३० वरून १५ अँपिअरचा केला होता. साधा वाटणारा हा उपाय दोन्ही बाजूंनी फसला. ब्लेड फ्यूजने त्याच्या आकड्याच्या ११० टक्के प्रवाह किमान १०० तास सोसावा अशी अपेक्षा असते, आणि १३५ टक्क्यांवर तो पाऊण सेकंदात उडाला तरी चालतो, दहा मिनिटे टिकला तरी चालतो. १७ अँपिअर म्हणजे १५ च्या फ्यूजला जेमतेम ११३ टक्के. तो उडायला काही कारणच नव्हते. उलट सुरू होतानाचे ५२ अँपिअर म्हणजे साडेतीन पट, आणि तेवढ्यावर तो ०.०८ ते ०.५ सेकंदात कधीही जाऊ शकतो. त्यामुळे निरोगी पंप सुरू करतानाच अधूनमधून फ्यूज उडायचा. कंटाळून पुन्हा ३० चा बसवला गेला आणि दुसरे आर्मेचर गेले.

फ्यूज केबलसाठी असतो, मोटारीसाठी नव्हे. मोटार वाचवायची तर प्रवाह किती आणि किती वेळ, हे दोन्ही मोजावे लागते.

शंट: कोणता, कुठे, कसा

शंट म्हणजे प्रवाहाच्या वाटेत घातलेला अगदी लहान, ठरावीक रोध; त्यावर पडणाऱ्या व्होल्टेजवरून प्रवाह कळतो. बसवलेला शंट पॅनेल मीटरवाल्यांकडे मिळतो तोच: ५० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट, म्हणजे १.५ मिलिओहम. ११ अँपिअरला त्यावर १६.५ मिलिव्होल्ट पडतात आणि ०.१८ वॅट उष्णता होते. सुरुवातीच्या ५२ अँपिअरला ४ वॅटच्या आसपास होते, तेही ०.३ सेकंद. अशा शंटचे पट्टे मँगॅनिनचे असतात, त्यामुळे ऊन-सावलीने रोध जवळजवळ हलत नाही. तांब्याच्या तारेचा ठरावीक तुकडा शंट म्हणून वापरण्याचा जुगाड अनेक ठिकाणी दिसतो. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सकाळी २० अंशांना जुळवलेला आकडा दुपारी पेटीत ६० अंश झाले की १६ टक्के चुकतो. ११ आणि १३ अँपिअरमधला फरक ओळखायचा असताना ही चूक परवडत नाही.

शंट पॉझिटिव्ह बाजूला, फ्यूजनंतर, घातला. निगेटिव्ह बाजूला घातला असता तर अँप्लिफायरचे काम सोपे झाले असते, कारण मग तो जमिनीच्या व्होल्टेजजवळच राहिला असता. पण इथे बॅटरीचे निगेटिव्ह अर्थ केलेले आहे आणि पंपाचा सांगाडा ओल्या जमिनीत रोवलेला आहे. मोटारीच्या वाइंडिंगमधून सांगाड्यात गळती झाली तर तो प्रवाह जमिनीतून थेट बॅटरीला परततो आणि निगेटिव्ह बाजूच्या शंटला वळसा घालून जातो. पॉझिटिव्ह बाजूच्या शंटमधून तो गेल्याशिवाय राहत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो शंटच्या जोडणीने. शंटला दोन मोठे बोल्ट आणि दोन बारीक स्क्रू असतात. मोठे बोल्ट प्रवाहासाठी, बारीक स्क्रू मोजण्यासाठी. पहिल्या जोडणीत मोजण्याच्या तारांचे लगही मोठ्या बोल्टखाली, केबलच्या लगच्या वर दाबले होते. क्लॅम्प मीटर ११.० अँपिअर दाखवत होता आणि सर्किट १४.६. लग आणि शंट यांच्या सांध्यातला जेमतेम अर्धा मिलिओहम मोजणीत शिरला होता, पण १.५ च्या शेजारी ०.५ म्हणजे तेहतीस टक्के. ही चूक ओळखण्याची खूण अशी: बोल्ट थोडा आवळला किंवा केबल हलवली की आकडा बदलतो. तारा बारीक स्क्रूंवर नेल्याबरोबर आकडा ११.१ झाला आणि बोल्ट कितीही आवळले तरी तिथेच राहिला. प्रोग्राममध्ये गुणक बदलून १४.६ चे ११ करण्याचा मोह अशा वेळी होतो. तसे केले असते तर सांधा गंजल्यावर पंप विनाकारण बंद पडू लागला असता. या दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्याव्यात आणि मोटारीच्या केबलला चिकटवून बांधू नयेत.

इथे क्लॅम्प मीटर डीसी मोजणाराच हवा. वायरमनकडचा साधा एसी क्लॅम्प डीसीवर शून्याच्या आसपासच राहतो, आणि मग सर्किटच खोटे वाटू लागते.

१६ मिलिव्होल्ट मोठे करणे

हाताशी असलेल्या LM358 अँप्लिफायरने काम भागेल का, हे आधी पाहिले गेले. त्याचा स्वतःचा इनपुट ऑफसेट २-३ मिलिव्होल्ट सहज असतो, वाईट नगात ७ पर्यंत जातो. १.५ मिलिओहमवर ३ मिलिव्होल्ट म्हणजे २ अँपिअर. बंद मोटार २ अँपिअर घेते असे दिसेल, किंवा ऑफसेट उलटा असेल तर १३ चे ११ दिसतील. शिवाय ही चूक उन्हाने सरकते. बाजारात सहज मिळणारे INA219 चे प्रवाह मोजणारे छोटे मॉड्यूल दोन कारणांनी बाद झाले. त्याच्यावरचा शंट ०.१ ओहमचा असतो, ११ अँपिअरला तो १२ वॅट खाऊन जळेल. आणि ते २६ व्होल्टपर्यंतचे आहे, तर दुपारी चार्जिंग जोरात असताना ही बॅटरी २८.८ व्होल्टवर जाते.

शेवटी INA240A1 हा अँप्लिफायर घेतला. तो ८० व्होल्टपर्यंतच्या रेषेवर बसू शकतो, आणि त्याचा ऑफसेट जास्तीत जास्त २५ मायक्रोव्होल्ट असतो, म्हणजे या शंटवर ०.०२ अँपिअरहून कमी. A1 ची वाढ २० पट. १.५ मिलिओहम × २० म्हणजे दर अँपिअरला ३० मिलिव्होल्ट. ११ अँपिअरला ०.३३ व्होल्ट मिळतात, ५२ ला १.५६. A2 ची ५० पट वाढ घेतली असती तर आकडा जास्त बारीक वाचता आला असता, पण ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ६५ अँपिअरच्या आसपास आउटपुट छताला टेकले असते. बॅटरी २८.८ वर असताना सुरुवातीचा प्रवाहच ६० पर्यंत जातो. मग सुरुवात कोणती आणि शॉर्ट कोणता, हे ओळखायला जागाच उरत नाही. ATmega328P या प्रोसेसरच्या दहा बिट वाचनात ३० मिलिव्होल्टचा अँपिअर म्हणजे एका पायरीला ०.१६३ अँपिअर, आणि १६ वाचनांची सरासरी घेतली की या कामाला ते पुरून उरते.

दोन्ही इनपुट तारांत प्रत्येकी १० ओहम आणि त्यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरड, हा ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट अडवण्यासाठी. इथे १० ओहमपेक्षा मोठा रोध घालू नये, कारण चिपच्या आतल्या रोधांशी तो भागीदारी करतो आणि वाढ २० राहत नाही. जास्त गाळणी हवी असेल तर ती आउटपुटवर करावी: १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड. REF चे दोन्ही पाय जमिनीला.

तोडण्याचे काम रिलेऐवजी निगेटिव्ह बाजूच्या दोन समांतर IRF3205 मॉस्फेटना दिले, गेटला ड्रायव्हरमधून १२ व्होल्ट. ५२ अँपिअरचा डीसी तोडताना स्वस्त रिलेचे संपर्क चिकटतात, आणि चिकटलेला रिले म्हणजे संरक्षणच गेले. मोटारीच्या टर्मिनलवर उलट दिशेने ६० व्होल्ट, ३० अँपिअरचा शॉटकी डायोड हवाच. तो नसेल तर पहिल्याच तोडणीला मॉस्फेट जातात. या रचनेत पंप बंद असतानाही मोटारीवर पॉझिटिव्ह असते, म्हणून उघडण्याआधी बॅटरीकडचा आयसोलेटर काढावा लागतो. अर्थला झालेली गळती हे मॉस्फेट तोडू शकत नाहीत, ती फक्त दिसते. बॅटरीजवळ आता ४० अँपिअरचा फ्यूज आहे, केबलच्या राखणीला.

शॉर्टसाठी मात्र प्रोग्रामवर विसंबलेले नाही. अँप्लिफायरचे आउटपुट एका LM393 कम्पॅरेटरला जाते, आणि ३.० व्होल्ट, म्हणजे १०० अँपिअर ओलांडले की तो थेट गेट ड्रायव्हर खाली ओढतो व प्रोसेसरला इंटरप्ट देतो. इथे आउटपुटवरची १ मायक्रोफॅरडची गाळणी मध्ये येऊ द्यायची नाही, कम्पॅरेटरची तार गाळणीच्या आधीच काढायची. ५ व्होल्टवर LM393 साधारण ३.५ व्होल्टच्या पुढे भरवशाची तुलना करत नाही. वाढ २० ठेवण्याचा हाही एक फायदा झाला.

कधी तोडायचे

प्रोग्रामचा गाभा चार ओळींचा आहे. दर १० मिलिसेकंदांनी तो मोटारीच्या उष्णतेचा एक अंदाज, h, पुढे सरकवतो. i म्हणजे अँपिअरमधला प्रवाह आणि tau म्हणजे h किती सेकंदांच्या संथपणाने बदलतो तो आकडा:

```
tau = motorOn ? 120.0 : 360.0;
h += ((i * i) / 121.0 - h) * 0.01 / tau;
stallMs = (i > 35) ? stallMs + 10 : 0;
if (h > 1.3 || stallMs > 800) trip();
```

१२१ म्हणजे ११ चा वर्ग. मोटार ११ अँपिअरवर बराच वेळ चालली की h हळूहळू १ वर येऊन थांबतो. १७ अँपिअर वाहू लागले की तो २.३९ कडे निघतो आणि १.३ ओलांडताच पंप बंद होतो. आधीपासून तापलेल्या मोटारीला यासाठी सुमारे २९ सेकंद लागतात, थंड मोटारीला दीड मिनिट. शेवाळाचा गुंता क्षणभर येऊन सुटून गेला तर पंप चालूच राहतो. tau चा १२० सेकंद हा आकडा मुद्दाम कमी धरला आहे. खरी मोटार यापेक्षा सावकाश तापते, आणि चूक त्या बाजूला झालेली बरी.

अडकलेल्या शाफ्टसाठी हा हिशेब पुरत नाही. थंड मोटार ५२ अँपिअरवर अडकली तर h ला १.३ गाठायला सात सेकंद लागतील, आणि त्या सात सेकंदांत एकाच जागी थांबलेल्या ब्रशखालचे कॉम्युटेटरचे पट्टे भाजून निघतात. म्हणून ३५ अँपिअर ८०० मिलिसेकंद हा नियम वेगळा ठेवला. निरोगी सुरुवात ०.३ सेकंदात संपते. बॅटरी २२ व्होल्टवर उतरली तरी अडकलेला प्रवाह ४६ अँपिअर असतो, म्हणजे ३५ च्या वरच.

पहिल्या आवृत्तीत पंपाचा स्विच संपूर्ण सर्किटचा पुरवठाच तोडत होता. पंप ट्रिप झाला की गडी स्विच बंद-चालू करायचा, h शून्यापासून सुरू व्हायचा आणि तापलेल्या मोटारीला पुन्हा दीड मिनिटाची सूट मिळायची. असे लागोपाठ चारदा केले की संरक्षण असूनही मोटार जळू शकते. आता सर्किट बॅटरीवर कायम चालू असते आणि स्विच फक्त प्रोसेसरच्या एका पायाला जातो. थांबलेल्या मोटारीचा पंखाही थांबलेला असतो, म्हणून निवताना tau ३६० घेतला आहे. h ०.६ च्या खाली आल्याशिवाय पंप सुरू होत नाही, म्हणजे ट्रिपनंतर साडेचार मिनिटांहून थोडे जास्त थांबावे लागते. पेटीवरचा लाल दिवा तोवर लुकलुकतो. तो दिवा बसवण्याआधी 'पेटी बिघडली' अशी तक्रार होती.

त्याच मोजणीतून कोरड्या चालण्याचाही बंदोबस्त झाला. सेंट्रीफ्युगल पंपातले पाणी संपले की मोटारीचा प्रवाह वाढत नाही, कमी होतो, कारण ढकलायला काही उरत नाही. या पंपावर भरल्या पाण्याने १०.६ अँपिअर, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून ७.१ आणि कोरडा ४.८ असे आकडे मिळाले. सुरू झाल्यावर १५ सेकंदांनंतर प्रवाह सलग १० सेकंद ६ च्या खाली राहिला तर पंप बंद होतो. हे तीन आकडे प्रत्येक पंपाचे वेगळे असतात, ते जागेवरच मोजावेत. कोरड्याचा आकडा काही सेकंदांतच घ्यावा, नाहीतर मेकॅनिकल सील जाते.

खात्री कशी केली

शाफ्ट अडकवून ट्रिप तपासण्याची गरज नाही. प्रोग्राममध्ये १२१ च्या जागी तात्पुरते ६४ घातले, म्हणजे मोटार ८ अँपिअरची आहे असे सांगितले, आणि पूर्ण थंड अवस्थेतून पंप नेहमीसारखा १०.६ अँपिअरवर चालवला. हिशेबाने १६२ सेकंदांनी तोडायला हवे होते आणि घड्याळात १५८ आले. चार सेकंदांचा फरक ५ व्होल्ट पुरवठ्याच्या थोड्या चुकीमुळे होता. तो पुरवठा मोजला तर ४.९६ व्होल्ट निघाला, त्यामुळे वाचन ०.८ टक्का जास्त येत होते. ०.१६३ चा गुणक ०.१६१५ केल्यावर आकडा क्लॅम्प मीटरशी जुळला.

पुढच्या मे महिन्यात पेटी तीनदा ट्रिप झाली. दोनदा उष्णतेच्या नियमाने, आणि पंप उघडला तेव्हा इंपेलरवर शेवाळ होते. एकदा कोरड्याच्या नियमाने, तेव्हा फुटव्हॉल्व्ह उघडा पडला होता. फुटव्हॉल्व्ह आता दोरीने प्लॅस्टिकच्या पिंपाला टांगून पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर तरंगता ठेवला आहे.